मागणं आधी, भास्कर नंतर

सूर्याष्टकाचा पहिला श्लोक महाराष्ट्रात कितीतरी जणांना पाठ असतो, आणि तो सूर्याष्टकातला आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसतं. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर तो म्हटला जातो. सूर्यनमस्कार घालण्याआधी म्हटला जातो. पहाटे आंघोळ करून पूर्वेकडे तोंड करणारी आजी तो पुटपुटते. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं, म्हणजे सगळी मिळून बत्तीस. त्या बत्तीस अक्षरांत सूर्याला चार वेळा हाक मारली आहे: आदिदेव, भास्कर, दिवाकर, प्रभाकर. ‘सूर्य’ हा शब्द मात्र त्यात एकदाही नाही. सूर्याच्या स्तोत्राचा पहिलाच श्लोक सूर्याचं रोजचं नाव टाळतो, आणि त्या टाळण्यातच त्याची सगळी गंमत भरून राहिली आहे.

आधी हा श्लोक साध्या गद्यात उतरवून पाहू. ‘हे सूर्या, तू सगळ्यांच्या आधीचा देव आहेस, तुला नमस्कार. माझ्यावर प्रसन्न हो. तुला नमस्कार, तुला नमस्कार असो.’ अर्थ पूर्ण आला, काही सुटलं नाही. पण हाच मजकूर कोणी लेखात लिहिला तर संपादक शेवटचे दोन नमस्कार कापेल आणि त्याचं काही चुकणार नाही. गद्यात तेच वाक्य पुन्हा आलं की वाचकाला नवीन काही कळत नाही, आणि कळवणं हेच गद्याचं काम. श्लोकातला प्रत्येक नमस्कार मात्र वेगळ्या नावाला जोडलेला आहे. चार हाका, तीन नमस्कार आणि एकच मागणं, असा त्याचा हिशेब आहे. नावं काढून त्या जागी प्रत्येक वेळी ‘सूर्य’ घातला तर नमस्कार पोकळ होतात. हे का होतं ते नावांच्या जागा पाहिल्या की उमगतं.

पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या चरणाची बांधणी एकसारखी आहे. आधी हाक, मग नमस्कार. आदिदेव, तुला नमस्कार. दिवाकर, तुला नमस्कार. प्रभाकर, तुला नमस्कार असो. दुसरा चरण तेवढा उलटा फिरतो. तिथे आधी मागणं येतं, प्रसन्न हो, आणि हाक शेवटी येते. पूर्ण श्लोकात म्हणणाऱ्याचा स्वतःचा उल्लेख फक्त इथे आहे, ‘मम’ या दोन अक्षरांत, आणि त्याला लागूनच ‘भास्कर’ उभा आहे. ‘माझा’ आणि ‘तू’ यांच्यात इथे एकही शब्द नाही. आपल्या बोलण्यातही काही हक्कानं मागायचं असलं की नाव मागे जातं. ‘एवढं दे ना, आई’ म्हणताना ‘आई’ शेवटी येते, आणि त्या शेवटी येण्यानं मागण्याला लाडिकपणा चढतो. ‘आई, एवढं दे’ हे ऐकायला थोडं वेगळं लागतं, त्यात काम सांगितल्याचा सूर येतो. संस्कृतात शब्दांचा क्रम मोकळा असतो. भास्कर चरणाच्या सुरुवातीला आणूनही अर्थ तोच राहिला असता. कवीनं तो शेवटी ठेवला आणि बत्तीस अक्षरांतलं एकमेव मागणं मऊ केलं.

आता प्रश्न असा, की त्या जागी ‘भास्कर’च का? सूर्याची नावं थोडी नाहीत. अमरकोशातल्या पहिल्या कांडात, दिग्वर्गात, ती ओळीनं मांडून ठेवली आहेत आणि जुन्या पद्धतीनं शिकलेली मुलं ती घोकत असत. कवीपुढे भरलेली पेटी होती. तिच्यातून काय निघू शकत होतं आणि काय नाही, हे वृत्त ठरवत होतं.

वृत्त अनुष्टुभ. त्याचे नियम फार जाचक नाहीत. चरणाची पहिली चार अक्षरं बरीच मोकळी असतात, शेवटची चार बांधलेली. पाचवं अक्षर लघु, सहावं गुरू, आणि सातवं पहिल्या-तिसऱ्या चरणांत गुरू तर दुसऱ्या-चौथ्यात लघु. आठव्याला सवलत असते. दुसऱ्या चरणाचा शेवट या चौकटीत ठेवून बघा. सहावं अक्षर ‘भास्’, गुरू. सातवं ‘क’, लघु. आठवं ‘र’. शब्द जागेवर नेमका बसला. इथे ‘आदित्य’ आणून पाहू. अक्षरं तीनच आहेत, अर्थही चालेल. पण ‘त्य’ या जोडाक्षरामुळे आधीचा ‘दि’ जड होतो, सातव्या जागी गुरू येतो आणि चरणाची चाल अडखळते. ‘मार्तंड’चीही तीच गत, तिथे मधला ‘तं’ आडवा येतो. ‘सूर्य’ शेवटच्या दोन अक्षरांत बसवावा तर त्याचा ‘सू’ दीर्घ, म्हणजे सातव्या जागी पुन्हा गुरूच. आपलं सगळ्यांत ओळखीचं नाव या दाराशी आलं आणि दारातून आत जाईना, अशी ही अवस्था आहे.

‘दिवाकर’ आणि ‘प्रभाकर’ यांची ठेवण एकच आहे: लघु, गुरू, लघु, लघु. दोन्ही चार अक्षरी. तिसऱ्या आणि चौथ्या चरणाचा पहिला अर्धा भाग त्यांनी अगदी सारख्या मापानं व्यापला आहे. मराठी माणसाला ‘दिनकर’ हे नाव जास्त जवळचं वाटेल, आणि अर्थही दिवाकराचाच. पण ‘दिनकर’मध्ये चारही अक्षरं लघु आहेत, आणि चरणाचं दुसरं-तिसरं अक्षर दोन्ही लघु असू नयेत असा अनुष्टुभाचा जुना संकेत आहे. संकेत बाजूला ठेवा आणि नुसतं म्हणून पाहा. ‘दिवाकर’मधल्या ‘वा’वर आवाजाला टेकायला जागा मिळते, ‘दिनकर’ हातातून निसटतो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग ही निवड वृत्तानंच केली, कवीचं त्यात काय? हा आक्षेप खरा ठरला असता, पण वृत्तानं वाट मोकळी ठेवलेली नावं आणखीही होती. ‘अहस्कर’ हे नाव अमरकोशात आहे. त्याचं माप हुबेहूब दिवाकराचं आणि अर्थही हुबेहूब तोच, दिवस करणारा. ‘विभाकर’चं माप प्रभाकराचं आणि अर्थही प्रकाश करणारा असाच. म्हणजे तिसऱ्या चरणात ‘अहस्कर’ आणि चौथ्यात ‘विभाकर’ घातले असते तर वृत्ताची तक्रार नव्हती, अर्थाचीही नव्हती. तरी ते आले नाहीत, आणि कवीचा कान इथेच दिसतो.

पहिल्या चरणाचा आरंभीचा शब्द ‘आदिदेव’. त्यात दि आहे, दे आहे, व आहे. तिसऱ्या चरणाचा आरंभ ‘दिवाकर’, त्यात दि आणि वा. पहिल्या हाकेतले वर्ण तिसऱ्या चरणाच्या तोंडी पुन्हा येतात. दुसऱ्या चरणाचा आरंभ प्रसन्न होण्याच्या क्रियापदानं, ‘प्र’नं होतो, आणि त्याचा शेवट ‘भास्कर’नं. चौथ्या चरणाचा आरंभ ‘प्रभाकर’. दुसऱ्या चरणाच्या पहिल्या टोकाचा ‘प्र’ आणि शेवटच्या टोकाचे ‘भा’ व ‘कर’ एका शब्दात एकत्र आले. पहिला तिसऱ्याशी आणि दुसरा चौथ्याशी, अशी ही वीण आहे. ‘अहस्कर’ घालताच पहिला धागा तुटतो, शिवाय त्यातला ‘स्क’ भास्करातल्या ‘स्क’ला फार लवकर धडकतो. ‘विभाकर’ घालताच दुसऱ्या धाग्यातला ‘प्र’ हरवतो. कवीनं हे बोटं मोजून केलं असेल असं मला वाटत नाही. कानात चारही चरण एकदम वाजत असले की असं होतं. पण ते झालं आहे, आणि पाठ करणाऱ्याला त्याचा रोज फायदा मिळतो. हा श्लोक मुलांच्या तोंडी इतक्या चटकन बसतो तो या विणीमुळे.

तिन्ही नावांच्या शेवटी ‘कर’ आहे. ‘कर’ म्हणजे किरण, असं समजून पुष्कळ जण भास्कर म्हणजे तेजस्वी किरणांचा असा अर्थ सांगतात. व्याकरण तसं सांगत नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातल्या एकविसाव्या सूत्रात, ‘करणारा’ या अर्थी असा ‘कर’ कोणत्या शब्दांना लागतो त्याची लांबलचक यादी आहे. तिच्या आरंभीच दिवा, विभा, निशा, प्रभा आणि भास् हे शब्द आहेत. म्हणजे आपल्या श्लोकातली तिन्ही नावं एकाच सूत्रातून निघतात, आणि त्याच ओळीत ‘निशा’मुळे चंद्राचा ‘निशाकर’ही येऊन बसतो. भास्कर उजेड करणारा, दिवाकर दिवस करणारा, प्रभाकर प्रभा करणारा. ही नावं त्याचं रूप सांगत नाहीत, काम सांगतात. उगवत्या सूर्यापुढे उभं राहून त्याला ही हाक मारायची तर त्या क्षणी ते काम डोळ्यांपुढे चाललेलं असतं.

इथे एक मोह होतो तो आवरला पाहिजे. आधी उजेड, मग दिवस, मग प्रभा, असा पहाटेचा क्रमच या तीन नावांत उतरला आहे, असं सांगायला छान वाटतं. पण पहाटेचा क्रम तसा नाही. पूर्वेला प्रभा आधी फाकते, दिवस मागून येतो. नावांचा क्रम आवाजाच्या विणीनं ठरवला आहे आणि तेवढं कारण पुरेसं आहे. रसग्रहणात प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटवत गेलं की श्लोक जड होतो.

‘सूर्य’ मग कुठे आहे? दुसऱ्या श्लोकापासून आहे. पहिला श्लोक सरताच स्तोत्राची भाषा बदलते. सात घोड्यांचा रथ येतो, कश्यपाचा पुत्र म्हणून उल्लेख येतो, हातातलं पांढरं कमळ येतं, आणि प्रत्येक श्लोकाच्या अखेरीला एकच पालुपद: त्या सूर्याला मी प्रणाम करतो. हाक संपली, वर्णन सुरू झालं. ‘तू’ गेला, ‘तो’ आला. आणि ‘तो’ येताच ‘सूर्य’ हा शब्दही आला, चरणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरांवर, जिथे वृत्त मोकळं असतं आणि त्याच्या जड अक्षरांना कोणी अडवत नाही. एखाद्याविषयी सांगायचं तर ‘सूर्य’ पुरतो. त्याला बोलवायचं तर भास्कर, दिवाकर, प्रभाकर लागतात. पद्य आणि गद्य यांच्यातला फरक म्हणून आपण जो शोधत होतो, तो या स्तोत्राच्या पोटातच पहिल्या आणि दुसऱ्या श्लोकाच्या सांध्यावर सापडतो.

‘दिवाकर’ हा शब्द मराठी घरांत आणखी एका श्लोकातून रोज भेटतो. नवग्रहस्तोत्राचा पहिला श्लोक, तो रविग्रहाचा. त्यात नाव शेवटपर्यंत येतच नाही. जास्वंदीच्या फुलासारखा लाल, कश्यपाचा मुलगा, मोठ्या तेजाचा, अंधाराचा शत्रू, सगळ्या पापांचा नाश करणारा, अशी पाच विशेषणं आधी येतात. मग नमस्कार, आणि अगदी शेवटी, शेवटच्या चार अक्षरांत, ‘दिवाकर’. तिथेही ‘दि’ लघु, ‘वा’ गुरू, ‘क’ लघु, म्हणजे अनुष्टुभाच्या सम चरणाचा शेवट या शब्दासाठीच राखून ठेवल्यासारखा. सूर्याष्टकात हा शब्द चरण उघडतो, इथे तो श्लोक बंद करतो. तिथे ती हाक आहे, इथे तो कोड्याचा उलगडा आहे. शिवाय अंधाराचा शत्रू असं म्हणून झाल्यावर दिवस करणारा हे नाव आल्यानं त्याला एक रोख मिळतो, तो सूर्याष्टकात नाही. मला विचाराल तर दिवाकराला सर्वांत मोठी जागा नवग्रहस्तोत्रानं दिली आहे, आणि भास्कराला सूर्याष्टकानं.

मराठी गद्यात हीच नावं आली की काय होतं? ‘सकाळी सूर्य उगवला’ याला कोणी थांबून वाचत नाही. ‘सकाळी दिवाकर उगवला’ म्हटलं की वाचक दचकतो. दिवाकर म्हणजे आपल्याला आधी माणूस आठवतो. भास्कर, दिवाकर, प्रभाकर ही तिन्ही नावं मराठीत पाळण्यात जाऊन बसली. वर्तमानपत्रांनाही ती मिळाली. भाऊ महाजनांनी 1841 साली मुंबईत काढलेल्या साप्ताहिकाचं नाव ‘प्रभाकर’, आणि लोकहितवादींची शतपत्रं त्यातच छापली गेली. मराठी गद्याचा तो ठसठशीत, रोखठोक नमुना, आणि कपाळावर मात्र स्तोत्रातलं नाव. शंकर काशीनाथ गर्गे यांनी नाट्यछटा लिहिल्या त्या ‘दिवाकर’ या नावानं. विशेषनाम झालं की शब्दातलं काम झोपी जातं. प्रभाकराला हाक मारताना प्रभा कोणाच्या मनात येत नाही.

‘सूर्य’ मात्र गद्यात सगळीकडे राबतो. सूर्योदय, सूर्यग्रहण, सूर्यमाला, सूर्यफूल. यांतल्या एकाही जागी भास्कर चालत नाही. ‘रवी’नं आपलं वेगळं ठाणं सांभाळलं आहे. तो पंचांगात आणि ज्योतिषाच्या गद्यात राहतो. ‘रवी मकर राशीत’ असं ज्योतिषी लिहितात, तिथे ते सहसा सूर्य म्हणत नाहीत, आणि वारांत तर तो रविवार म्हणून कायमचा बसला. जुन्या बोलीतला ‘आइतवार’ आदित्यापासून आलेला, त्याचाच भाऊ कोकणीत ‘आयतार’. ‘अर्क’ बिचारा गद्यात हरवलाच. अरबीतून आलेल्या, रस किंवा सार अशा अर्थाच्या ‘अर्क’नं त्याची जागा पूर्ण व्यापली. आज ‘अर्क’ म्हटल्यावर सूर्य आठवायला सूर्यनमस्कारातली बारा नावं पाठ असावी लागतात.

बोलभाषेचा मार्ग तर याहून निराळा. खेड्यात ‘सूर्य मावळला’पेक्षा ‘दिवस मावळला’ जास्त ऐकू येतं. तांबडं फुटतं, दिवस कासराभर वर येतो, ऊन चढतं, दिवस कलतो. सूर्य हा शब्द न उच्चारता माणूस पहाटेपासून संध्याकाळपर्यंत सूर्याविषयी बोलत राहतो. आणि घरातली म्हातारी माणसं नाव घेतात तेव्हा ‘सूर्यनारायण उगवले’ असं आदरानं, अनेकवचनात घेतात. संस्कृतानं त्याला दिवस करणारा म्हटलं, मराठीनं त्यालाच दिवस म्हणून टाकलं. मला हे मराठीचं धाडस फार आवडतं. पण ते गद्याचं धाडस आहे. ‘दिवस’ला हाक मारता येत नाही. हाक मारायची वेळ आली की मराठी माणूस पुन्हा दिवाकराकडेच जातो.

मराठी पद्याला सूर्याची संस्कृत नावं हाताळता आली नाहीत असं नाही. पसायदानात ज्ञानेश्वरांनी सज्जनांसाठी सूर्याची उपमा घेताना ‘मार्तंड’ हा शब्द निवडला आणि त्याचा ताप काढून घेतला. अक्षरांतच दणका असलेलं हे नाव, जेजुरीच्या खंडोबाचंही नाव. ताप नसलेला मार्तंड म्हटल्यावर जे घडतं ते ताप नसलेला रवी म्हटल्यावर घडलं नसतं. सूर्याष्टकाच्या दुसऱ्या चरणात न बसणारा हाच शब्द ओवीत राजासारखा बसला.

शेवटी उच्चाराविषयी, कारण या श्लोकाचं सगळं सौंदर्य त्यावर अवलंबून आहे. मराठीत आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो. वर्गात हाक मारताना ‘भास्कर’ आपण दोन ठोक्यांत उरकतो, ‘भास्’ आणि ‘कर्’. तीच सवय श्लोकात आली की दुसऱ्या चरणाची अक्षरं आठाऐवजी सात होतात, आणि नेमकं मागण्याच्या अखेरीचं अक्षर गळतं. दिवाकर-प्रभाकरांचंही तसंच, तिथे चौथं अक्षर गळून नमस्कार एक पाऊल आधी येतो. ओळखायची खूण सोपी आहे. म्हणताना प्रत्येक अक्षराला बोट मोडा. चरणाला आठ बोटं भरली नाहीत तर कुठला तरी ‘र’ अर्धा राहिला. रथसप्तमीच्या आधी मुलांकडून हा श्लोक बसवून घेणाऱ्या शिक्षकांना आणि आजी-आजोबांना एवढीच विनंती: अर्थ नंतर सांगितला तरी चालेल, आधी त्यांना भास्करातला ‘र’ पुरता म्हणायला शिकवा.